आधी कळस, मग पाया

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात ताबूत बांधताना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शाळेत होतो. इमारत खालून वर चढते एवढंच तोवर ठाऊक होतं, म्हणून समोर जे चाललं होतं ते लवकर उमगेना. कारागिरांनी बांबूच्या कामट्या सुतानं आवळून आधी कळसाचा भाग तयार केला. तो झाल्यावर माणसं लागली, त्यांनी तो वर उचलून धरला आणि त्याच्या पोटाखाली पुढचा मजला बांधायला घेतला. मग पुन्हा उचलणं, पुन्हा खाली जोडणं. दहाव्या मोहरमला जेव्हा ते उंच उंच ताबूत खांद्यावर घेऊन भेटीला निघतात, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं की पाया आधी आणि शेंडा नंतर. ज्यानं बांधताना पाहिलं त्यालाच माहीत असतं की सगळ्यात तळाचा मजला सगळ्यात शेवटी आला आहे.

हे आठवायचं कारण म्हणजे मागच्या मोहरमला तिथेच गर्दीत झालेलं एक बोलणं. माझे एक स्नेही, इतिहास शिकवणारे, वाचणारे गृहस्थ, सहज म्हणाले, “पैगंबर गेले त्याच दिवशी या समाजाचे दोन तुकडे झाले. गादीचं भांडण. तेव्हापासून चौदाशे वर्षं शिया आणि सुन्नी.” आजूबाजूच्या चार जणांनी मान डोलावली. हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, छापूनही वाचलं आहे. ते चुकीचं आहे असं माझं मत आहे, आणि ते का चुकीचं आहे हे नीट मांडावं म्हणून हा लेख. वारसाचं भांडण इ. स. ६३२ मध्ये झालं, यात शंका नाही. पण फूट त्या दिवशी पडली नाही. ती पडायला शंभरहून अधिक वर्षं लागली, आणि पडल्यानंतर तिच्या खाली ६३२ सालचा पाया बसवण्यात आला. दोन्ही बाजूंनी बसवला.

त्या दिवशी मदिनेत काय घडलं ते आधी पाहू. जून ६३२. पैगंबर वारले होते. त्यांचे चुलतभाऊ आणि जावई हजरत अली आणि घरची माणसं अंत्यविधीच्या तयारीत होती. त्याच वेळी मदिनेचे मूळ रहिवासी, ज्यांना अन्सार म्हणतात, ते बनू साइदा कुळाच्या छपराखाली, म्हणजे सकीफ्यात, जमले होते. त्यांना आपल्यातला साद इब्न उबादा पुढारी करायचा होता. मक्केहून आलेल्यांनी आता आपला आपण बंदोबस्त करावा, असा त्यांचा रोख. हे कानावर येताच पैगंबरांचे मक्केचे सोबती हजरत अबू बक्र, हजरत उमर आणि अबू उबैदा तिथे धावले. “एक अमीर तुमचा, एक आमचा” अशी तडजोडही पुढे आली. बरीच तणातणी झाल्यावर उमर यांनी अबू बक्र यांच्या हातावर हात ठेवून निष्ठेची शपथ घेतली, आणि बाकीचे त्यामागे गेले. पुढे खुद्द उमर यांनी ही निवड घाईगर्दीत झालेली होती, अल्लाहनं तिच्यातून वाईट होऊ दिलं नाही, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचं सुन्नी परंपरेच्या सर्वांत मान्य हदीससंग्रहातच नोंदलेलं आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या छपराखालचं मुख्य भांडण मक्केवाले आणि मदिनावाले यांच्यातलं होतं. अली तिथे नव्हतेच. आपल्याला विचारलं गेलं नाही, याचं दुःख त्यांना झालं. शपथ घ्यायला त्यांनी वेळ लावला. प्रचलित वृत्तांताप्रमाणे पत्नी हजरत फातिमा यांच्या निधनानंतर, म्हणजे सुमारे सहा महिन्यांनी त्यांनी ती घेतली. शियांची श्रद्धा अशी की त्याआधी तीन महिने, हजहून परतताना गदीर खुम्म इथे पैगंबरांनी अलींचा हात उंचावून “ज्याचा मी मौला, त्याचा अली मौला” असं जाहीर केलं होतं, म्हणजे वारस नेमलेलाच होता. हे वाक्य सुन्नी संग्रहांतही आहे. वाद आहे तो ‘मौला’ या शब्दाच्या अर्थाचा. एकाला त्यात धनी दिसतो, दुसऱ्याला जिवलग. कोणाचा अर्थ बरोबर, हा श्रद्धेचा प्रश्न आहे आणि मी त्यात हात घालणार नाही. माझा प्रश्न निराळा आहे: हा मतभेद असताना समाज दोन जागी विभागला गेला का?

नाही गेला. पुढची चोवीस वर्षं अली मदिनेतच राहिले, पहिल्या तिन्ही खलिफांच्या मागे नमाज पढले, सल्ला दिला, न्यायाच्या बाबतीत मत दिलं. ६४४ मध्ये उमर जखमी होऊन अंथरुणावर असताना त्यांनी सहा जणांची समिती नेमली, तिच्यात अली होते. शेवटी प्रश्न अली आणि उस्मान यांच्यावर आला. दोघांना विचारलं गेलं की कुराण, पैगंबरांचा रिवाज आणि आधीच्या दोन खलिफांचा पायंडा, तिन्ही पाळाल का? उस्मान सरळ हो म्हणाले. अलींनी आपल्या ज्ञानाप्रमाणे आणि शक्तीप्रमाणे वागेन असं उत्तर दिल्याचं सांगतात. निवड उस्मानांची झाली. अलींना आपला हक्क मोठा वाटत होता, हे त्यातून दिसतंच. पण तो हक्क ते त्याच समाजात, त्याच समितीत बसून सांगत होते.

६५६ मध्ये उस्मान यांची त्यांच्याच घरात हत्या झाली आणि अली खलिफा झाले. मग मात्र तलवारी निघाल्या. आधी बसऱ्याजवळ उंटाची लढाई, मग ६५७ मध्ये फुरात म्हणजे युफ्रेटिस नदीकाठी सिफ्फीन इथे सीरियाचा सुभेदार मुआविया याच्याशी. या लढाया कशावरून झाल्या? सकीफ्यावरून एकही नाही. मुआवियाची मागणी होती की उस्मानांचे मारेकरी हवाली करा. म्हणजे भांडण वर्षभरापूर्वीच्या खुनाचं होतं, पंचवीस वर्षांपूर्वीच्या निवडीचं नव्हतं.

सिफ्फीनची लढाई थांबली ती लवादाच्या करारावर. त्या कराराचा मजकूर जुन्या ग्रंथांत आला आहे आणि माझ्या दृष्टीनं त्यातला एक शब्द लाखमोलाचा आहे. हा करार अली आणि मुआविया व त्या ‘दोघांच्या शिया’ यांच्यामध्ये झाला, असं त्यात म्हटलं आहे. मुआवियाचेही शिया! कारण ‘शिया’ म्हणजे नुसता पक्ष, बाजूची माणसं. आपण म्हणतो ना, अमक्याचे लोक, तमक्याचे लोक, तसं. पुढे जो शब्द एका पंथाचं नाव झाला, तो तेव्हा दोन्हीकडच्या सैन्याला सारखाच लागू होता. आणि ‘सुन्नी’ हा शब्द तर तेव्हा कोणी स्वतःला लावतच नव्हतं. ज्या दिवशी दोन्ही नावं अस्तित्वात नाहीत, त्या दिवशी दोन पंथ झाले म्हणणं मला पटत नाही.

उलट इस्लाममधला पहिला खराखुरा वेगळा पंथ सिफ्फीनमधून निघाला, आणि तो तिसराच होता. निवाडा माणसांवर सोपवलाच कसा, असं म्हणत अलींच्याच सैन्यातले काही हजार लोक बाहेर पडले. ते खारिजी. त्यांच्यातल्याच एकानं ६६१ मध्ये इराकमधल्या कुफा शहराच्या मशिदीत अलींवर वार केला. वारसाच्या भांडणातून फूट पडते हे सूत्र इथेच डळमळतं. खारिज्यांना कोणाच्याच वारसाशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेखी मोठं पाप करणारा माणूस मुसलमानच उरत नव्हता. त्यांनी प्रत्येकाला अली आणि उस्मान यांच्याबद्दल मत विचारायला सुरुवात केली, आणि उत्तर चुकलं तर मान उडवायला. या विचारण्याकडे लक्ष असू द्या. माझा सगळा युक्तिवाद तिथेच येऊन टेकणार आहे.

मग करबला. मुआवियानं आपल्या हयातीतच मुलाला, यझीदला, पुढचा खलिफा ठरवलं. ६८० मध्ये मुआविया वारला तेव्हा पैगंबरांचे नातू हजरत हुसेन यांनी यझीदची शपथ घ्यायला नकार दिला. कुफ्याच्या लोकांनी पत्रांवर पत्रं पाठवून त्यांना बोलावलं, आणि ते निघाल्यावर सुभेदाराच्या धाकानं तेच लोक घरात बसले. १० ऑक्टोबर ६८०, हिजरी ६१ च्या मोहरमची दहावी. पाणी तोडलेलं, जवळ सत्तर-बहात्तर माणसं, आणि समोर आलेलं सैन्य त्याच कुफ्याचं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, आमच्या भागात तर लहान मुलांनाही.

करबलानं जे दिलं ते सकीफ्यापाशी नव्हतं. ती गोष्ट म्हणजे अपराधाची जाणीव. कुफ्यातले काही म्हातारे लोक, ज्यांनी पत्रं लिहिली होती आणि मग दार लावून घेतलं होतं, ते चार वर्षांनी हुसेन यांच्या कबरीपाशी गेले, रात्रभर रडले आणि तिथून थेट मुआवियाच्या उमय्या घराण्याच्या सैन्यावर चालून जाऊन ६८५ च्या जानेवारीत जवळजवळ सगळे मेले. त्यांना ‘तव्वाबून’, पश्चात्ताप करणारे, म्हणतात. मोहरममध्ये आपण जो शोक पाहतो, छातीवर हात मारून घेणं पाहतो, त्याचं बीज मला या म्हाताऱ्यांत दिसतं. गादी कोणाला मिळावी याहून ‘आम्ही त्यांना एकटं सोडलं’ ही त्यांची वेदना होती. तरीही इथेसुद्धा फूट पूर्ण झालेली नाही. हुसेन यांच्या हत्येचं दुःख सगळ्या मुसलमानांना होतं, आजही आहे. यझीदच्या बाजूनं कोणी पंथ उभा केला नाही.

ज्या प्रसंगाशी मला थांबायचं आहे तो आणखी साठ वर्षांनी घडला. तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही, ही मोठी उणीव आहे.

साल ७४०, गाव पुन्हा कुफाच. हुसेन यांचे नातू झैद इब्न अली यांनी उमय्या खलिफा हिशाम याच्याविरुद्ध उठाव करायचं ठरवलं. जुन्या वृत्तांतांप्रमाणे पंधरा हजार माणसांनी त्यांच्याकडे नाव नोंदवलं. उठावाचा दिवस जवळ आला तेव्हा त्यांच्यातले काही पुढारी झैद यांच्याकडे गेले आणि त्यांनी एक प्रश्न केला: अबू बक्र आणि उमर यांच्याबद्दल तुमचं म्हणणं काय? झैद म्हणाले, अल्लाह त्यांच्यावर दया करो, आमच्या घरात मी त्यांच्याबद्दल वाईट बोललेलं ऐकलं नाही. पुढाऱ्यांनी पुन्हा धरलं: मग तुम्ही लढता कशासाठी? त्यांनीच तुमच्या घराण्याचा अधिकार घेतला ना? झैद यांचं उत्तर असं नोंदवलेलं आहे की आमचा हक्क अधिक होता, लोकांनी आम्हाला बाजूला सारलं, एवढं मी म्हणेन. पण त्यानं ते धर्मभ्रष्ट झाले नाहीत, त्यांनी न्यायानं राज्य केलं. पुढारी म्हणाले, ते दोषी नसतील तर आजचे राज्यकर्ते तरी दोषी कसे? झैद म्हणाले, हे त्यांच्यासारखे नाहीत. हे सगळ्यांवरच जुलूम करतात.

हे ऐकून ते लोक उठून गेले. आमचे इमाम झैद यांचे पुतणे जाफर आहेत, असं म्हणून गेले. प्रत्यक्ष उठावाच्या वेळी दोनशे अठरा माणसं हजर राहिली असं सांगतात. ही गळती नुसत्या त्या संभाषणानं झाली असं समजू नये. सुभेदाराला आधीच सुगावा लागला होता आणि त्यानं कुफ्यातल्या लोकांना मशिदीत गोळा करून कोंडून ठेवलं होतं. झैद रस्त्यावर लढले, कपाळात बाण लागून मेले. साथीदारांनी प्रेत लपवून पुरलं, तेही सरकारनं उकरून काढून सुळावर चढवलं.

या प्रसंगात दोन्ही बाजूंचे लोक अलींच्या घराण्याचेच अभिमानी होते. दोघांचा शत्रू एक होता. गादीवर कोण बसावं याबद्दलही त्या क्षणी भांडण नव्हतं, झैद समोर उभे होते. तरी फूट पडली. कशावर? एकशे आठ वर्षांपूर्वी झालेल्या आणि आता हयात नसलेल्या दोन माणसांबद्दल तू काय म्हणतोस, यावर. मला वाटतं, वारसाचं भांडण आणि पंथाची फूट यांच्यातला फरक इथे उघडा पडतो. भांडणात माणसं विचारतात, आता कोणी बसायचं? फुटीत विचारतात, तेव्हा जे बसले त्यांच्याबद्दल तुझं मत काय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर लढाईनं, तडजोडीनं, मरणानं मिळून जातं. दुसरा प्रश्न कधीच मिटत नाही, कारण ज्यांच्याबद्दल तो आहे ती माणसं शपथ घ्यायला, माघार घ्यायला, माफ करायला उरलेलीच नसतात.

झैद यांना मानणारे झैदी आजही येमेनच्या डोंगरात आहेत. ते शिया आहेत, आणि तरी त्यांच्यातल्या एका प्रवाहानं असं तत्त्व मांडलं की श्रेष्ठ माणूस हयात असतानाही त्याच्याहून कमी माणसाचं नेतृत्व वैध असू शकतं. म्हणजे अली श्रेष्ठ आणि अबू बक्र वैध, दोन्ही एकदम. ६३२ सालीच समाज कायमचा चिरला गेला असता, तर ही मधली जागा उरलीच नसती.

झैद यांना सोडून गेलेल्यांनी ज्यांचं नाव घेतलं ते जाफर अस-सादिक उठावात पडले नाहीत. ते शिकवत राहिले. त्यांच्या काळात आणि त्यांच्या शिष्यांच्या हातून ‘नस्स’चा सिद्धांत पक्का झाला: इमाम निवडला जात नाही, तलवारीनंही ठरत नाही, आधीचा इमाम पुढच्याचं नाव स्पष्ट सांगतो, आणि ही साखळी थेट पैगंबरांपर्यंत जाते. एकदा साखळी अशी ठरली की तिची पहिली कडी गदीर खुम्मला पक्की बसावीच लागते, आणि मग सकीफा ही नुसती घाई उरत नाही, ती आज्ञेची पायमल्ली ठरते. कडेगावचा ताबूत मला आठवतो तो इथे. कळस वर गेला, आणि आता त्याला पेलणारा तळ हवा.

या सिद्धांतानं भांडणं थांबली असंही नाही. ७६५ मध्ये जाफर वारले. ज्या मुलाचं, इस्माईलचं, नाव त्यांनी घेतलं होतं असं पुष्कळांचं म्हणणं, तो वडिलांच्या आधीच गेलेला. काहींनी इस्माईल आणि त्याच्या मुलाला धरून ठेवलं, ते इस्माईली. काहींनी धाकट्या मूसाला मानलं, त्यांची परंपरा पुढे बारा इमामांची झाली. कोण निवडणार हा वाद नस्सनं मिटवला खरा, पण नाव घेतलेलं कोणी ऐकलं आणि घेतलेलं नाव मागे घेता येतं का, हे दोन नवे वाद त्यानंच उभे केले.

सुन्नी बाजूचा तळही असाच मागाहून आला, आणि हे सांगितलं नाही तर माझं म्हणणं एकांगी होईल. आज कुठल्याही सुन्नी मुलाला विचारा, तो चार खलिफांची नावं एका दमात सांगेल: अबू बक्र, उमर, उस्मान, अली. पण आठव्या शतकात सीरियात आणि बसऱ्यात असे कितीतरी धार्मिक लोक होते जे तीनच नावांवर थांबत, अलींना त्या मालिकेत धरत नसत. उमय्यांच्या राज्यात तर मशिदीच्या मिंबरावरून अलींची निंदा होत असे, ती खलिफा उमर दुसरे यांनी ७१७ ते ७२० या आपल्या छोट्या कारकिर्दीत थांबवली असं परंपरा सांगते. चौथ्या जागी अलींना सन्मानानं बसवण्याचं मत पक्कं झालं ते नवव्या शतकात, बगदादचे अहमद इब्न हंबल यांच्यासारख्यांच्या आग्रहामुळे. ते ८५५ मध्ये वारले. म्हणजे ‘चौघेही योग्य, चौघेही त्याच क्रमानं’ हा सुन्नी श्रद्धेचा खांब ६३२ नंतर दोनशे वर्षांनी उभा राहिला. त्याच्याबरोबर एक नियमही आला, की पैगंबरांच्या सोबत्यांच्या आपसातल्या भांडणाबद्दल जीभ आवरावी. तीही एक कसोटीच होती. एकाकडे निंदा केलीस तर तू आमचा, दुसऱ्याकडे गप्प राहिलास तर तू आमचा.

माझ्या या मांडणीवर रास्त आक्षेप येऊ शकतो, आणि तो मी टाळणार नाही. मी ज्या वृत्तांतांवर भिस्त ठेवतो ते तरी कधीचे? इतिहासकार तबरी ९२३ मध्ये वारला. करबलाची आणि कुफ्याची हकीकत तो ज्याच्याकडून घेतो तो अबू मिख्नफ ७७४ च्या सुमारास गेला. तेव्हा झैद यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरले असतील, असं मी म्हणत नाही. कदाचित तो संवाद झैदी लोकांनी आपली बाजू स्वच्छ करायला घोटून ठेवला असेल. तसं असेल तरी माझा मुद्दा पडत नाही, उलट बळकट होतो. कारण मग असं ठरतं की आठव्या शतकात लोकांना फूट समजावून सांगायची होती तेव्हा त्यांनी ती याच प्रश्नावर पडल्याचं सांगितलं. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: अलींच्या बाजूचं मन पहिल्या दिवसापासून दुखावलेलं होतं, ते काही नंतर रचलेलं नाही. मान्य. अन्सारांचा साद इब्न उबादाही दुखावला होता. त्यानं तर अबू बक्र यांची शपथ कधीच घेतली नाही असं सांगतात. पण सादच्या नावानं एकही पंथ नाही. दुखावणं दोघांचं खरं होतं. एकाच्या दुखावण्यामागे पुढे करबला आलं, कुफा आलं, शिकवण आली. दुसऱ्याच्या मागे काही आलं नाही.

आमच्याच भागातला दाखला देतो. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात. ही वारणा एका वारसाच्या भांडणाची सीमारेषा आहे. १७०७ मध्ये औरंगजेब मेल्यावर शाहू महाराज सुटून आले, तेव्हा महाराणी ताराबाईंनी आपल्या मुलाचा हक्क पुढे केला आणि आलेला शाहू तोतया असल्याचं सांगितलं. परसोजी भोसल्यांनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून तो संशय फेडल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात खेडला लढाई झाली, धनाजी जाधव शाहूंना मिळाले, सातारा गेला, पुढे कोल्हापूरची वेगळी गादी झाली. १७१४ मध्ये कोल्हापुरात ताराबाईंना बाजूला सारून राजसबाईंचे संभाजीराजे बसले. शेवटी १७३१ मध्ये कऱ्हाडजवळ जखिणवाडीला शाहू आणि संभाजी भेटले आणि वारणेचा तह झाला. नदीच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरला, उत्तरेचा साताऱ्याला.

चोवीस वर्षांचं भांडण, भावकीतलं रक्त, तोतयेपणाचा आरोप, कैद, सगळं इथेही होतं. गाद्या दोन झाल्या. पण मराठ्यांचे दोन पंथ झाले नाहीत. जमीन वाटता येत होती, हे एक कारण. इमामत वाटता येत नाही, ती अमुक नदीपर्यंत तुझी आणि पुढे माझी असं होत नाही. पण त्याहून मोठं कारण मला वेगळं दिसतं. आमच्याकडे मुलगी देताना, देवळात पाऊल टाकताना, अंत्यविधीला खांदा देताना कोणी कधी विचारलं नाही की १७०७ मध्ये ताराबाई खऱ्या की शाहू खरे. कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे, सातारकर जाता-येता त्याला नमस्कार करतो. मत ज्याचं त्याच्यापाशी राहिलं. ते ओळखपत्र झालं नाही.

आणि जिथे ओळखपत्र केलं गेलं त्याचा अनुभवही याच मातीनं घेतला आहे. मिरज, सांगलीचा हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. घराण्याचा संस्थापक यूसुफ आदिलशाह यानं सोळाव्या शतकाच्या आरंभी शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनात, म्हणजे खुत्ब्यात, बारा इमामांची नावं आणली. १५३४ मध्ये इब्राहीम पहिला गादीवर आला आणि त्यानं ती काढून पहिल्या तीन खलिफांची नावं पुन्हा घातली. १५५८ मध्ये अली पहिला आला, त्यानं परत शिया खुत्बा सुरू केला. त्याच्यानंतर दुसऱ्या इब्राहीमच्या राज्यात तो पुन्हा बदलला. मशीद तीच, इमाम बहुधा तोच, ऐकणारे तेच. दर खेपेला बदलत होती ती नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसांची यादी.

ही श्रद्धेची उलथापालथ होती का? दरबाराकडे पाहिलं की उत्तर मिळतं. एका बाजूला इराण आणि त्या पट्ट्यातून आलेले आफाकी सरदार, पुष्कळसे शिया. दुसऱ्या बाजूला इथे मुरलेले दख्खनी आणि हबशी, पुष्कळसे सुन्नी. इब्राहीम पहिल्यानं खुत्बा बदलला तेव्हा त्याच झटक्यात बहुतेक आफाकी सरदारांना नोकरीवरून काढलं, दख्खन्यांना जवळ केलं, आणि हिशेबाचं दप्तर फार्सीतून काढून देशी भाषेत, ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिलं. खुत्ब्यातल्या नावांबरोबर कचेरीतली भाषा बदलते, हे पाहिल्यावर तिथे काय ठरत होतं ते कळतं. पगार कोणाचा आणि जहागीर कोणाची, हे ठरत होतं, आणि विचारणा मात्र अबू बक्र आणि अली यांच्याबद्दल होत होती.

म्हणूनच त्या स्नेह्यांचं वाक्य मला सोडवत नाही. “चौदाशे वर्षांपासून” म्हटलं की वाटतं हे जन्मजात आहे, असंच होतं, असंच राहणार. मग कुफ्यातल्या पुढाऱ्यांनी विचारलेला प्रश्न दिसेनासा होतो, बगदादमधला आग्रह दिसेनासा होतो, विजापूरची पगारपत्रकं दिसेनाशी होतात. ज्यानं कोणी, ज्या वर्षी, ज्या गरजेपोटी एकेक मजला खाली जोडला, तो सगळा हात त्या एका वाक्यात पुसला जातो.

त्या दिवशी कडेगावात मी त्यांना एवढं सगळं सांगितलं नाही, तेवढी उसंत नव्हती. ताबूत भेटीला निघाले होते. त्यांत मुसलमान घरांचे होते तसे पाटील, देशपांडे अशा हिंदू घराण्यांच्या मानाचेही होते. विजापूरच्या खुत्ब्यात नावं आत-बाहेर होत असताना गावोगावच्या लोकांनी हुसेन आपले करून घेतले होते, आणि ते करताना यादी कोणती ते पाहिलं नव्हतं. खांदेकऱ्यांनी हाक दिली, दोन कळस एकमेकांकडे झुकू लागले. मी स्नेह्यांना म्हणालो, “पुढच्या वर्षी दहावीला येऊ नका. पंधरा दिवस आधी या. बांधताना बघू.”